दर आठवड्याच्या व्हिडिओसाठी सुरुवात, शेवट आणि नावाची पट्टी: एकदाच साचा करून कसा ठेवायचा?

मीनल_रामबाग (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझे बाबा निवृत्त शिक्षक आहेत. दर शनिवारी ते मोडी वाचन शिकवणारा एक व्हिडिओ टाकतात. घरातली जुनी पत्रं, हिशेबाची कागदं समोर ठेवून एकेक ओळ सोडवून दाखवतात. शिकवणं त्यांचं, कापाकापी माझी. आतापर्यंत २३ भाग झाले.

शुक्रवारी रात्री मी मागच्या आठवड्याचा प्रोजेक्ट कॉपी करते, त्यातलं चित्रीकरण काढून नवं घालते आणि मग सुरुवातीचं शीर्षक, पाहुण्यांच्या नावाची पट्टी, शेवटची पाटी हे सगळं बदलत बसते. यातच दीड तास जातो. तो जातो तो जातो, पण मागच्या शनिवारी ग्वाल्हेरहून आलेल्या पाहुण्यांच्या नावाखाली आधीच्या पाहुण्यांचा परिचय तसाच राहिला. व्हिडिओ चार तास तसाच दिसत होता. बाबांनी स्वतः फोन करून माफी मागितली. मला फार लागलं ते.

लॅपटॉप ८ जीबीचा, सॉफ्टवेअर केडेनलाइव्ह, व्हिडिओ १९२० बाय १०८०. एकदा नीट बसून असा साचा करायचा आहे की दर आठवड्याला फक्त नाव आणि भाग क्रमांक बदलावा लागेल. कुठून सुरू करू?

---

सयाजीगंजवाला (बडोदा)

ताई, तयार साचे मिळतात की! आफ्टर इफेक्ट्सचे शेकड्यांनी आहेत. नाव टाका, झालं. एवढी मेहनत कशाला?

---

सुहास_तुकोगंज (इंदूर)

सयाजीगंजवाला, ते साचे उघडायला आफ्टर इफेक्ट्स लागतं आणि ते ८ जीबीवर रडत चालतं. शिवाय बहुतेक साचे रोमन अक्षरं धरून केलेले असतात. त्यात ‘किरण’ लिहिलं की वेलांटी क च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. सेटिंगमध्ये भारतीय लिपींची सोय निवडली की ते सुधारतं, पण तरी ओळींमधली जागा रोमनच्या मापाची राहते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मीनलताईंचं केडेनलाइव्ह देवनागरी बरोबर जोडतं, तेव्हा त्यांनी तिथेच राहावं.

मीनलताई, तुमची चूक पट्टीत नाही, पद्धतीत आहे. तुम्ही मागचा आठवडा कॉपी करता. त्यात खरी नावं भरलेली असतात आणि खरं नाव डोळ्याला खटकत नाही. साचा नेहमी रिकामा असावा. एक प्रोजेक्ट असा करा की ज्यात एकही चित्रीकरण नाही. फक्त सुरुवात, पट्ट्या आणि शेवट. पट्टीत लिहा ‘नाव बदला’ आणि ‘परिचय बदला’, तेही भडक पिवळ्या अक्षरात. विसरलात तर पिवळं दिसेल, कुणाचं चुकीचं नाव दिसणार नाही. ती फाइल `Read-only` करून ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावरच सेव्ह होणार नाही. दर शुक्रवारी ती उघडायची आणि लगेच नव्या नावाने सेव्ह करायची.

आता तीन गोष्टी तीन वेगळ्या प्रकारे बनवायच्या, कारण त्या वेगवेगळ्या प्रमाणात बदलतात. सुरुवात कधीच बदलत नाही, तर ती आवाजासकट एकदाच रेंडर करून एकच फाइल करा आणि परत हात लावू नका. भाग क्रमांक तिच्यात घालू नका, तो पुढच्या दृश्यावर पट्टीनेच येऊ द्या. पट्टी दर वेळी बदलते, ती उघडी ठेवा. शेवट अर्धा बदलतो, त्याबद्दल रात्री सविस्तर लिहितो.

---

उज्ज्वला_शिक्षिका (बडोदा)

माझाही असाच प्रश्न आहे. मी बालवाडीच्या मुलांसाठी पाढे आणि बाराखडी करते. शेवटी इतर व्हिडिओंचे चौकोन येतात ना, ते माझ्याकडे येतच नाहीत. शेवटची वीस सेकंदं रिकामी सोडलीत, सुंदर चौकटी काढल्यात, पण यूट्यूबमध्ये तो पर्यायच दाबता येत नाही. साचा चुकला असेल का?

---

सुहास_तुकोगंज

उज्ज्वलाताई, साचा बरोबर आहे. तुम्ही व्हिडिओ ‘मुलांसाठी बनवलेला’ अशी खूण केली असणार, आणि बालवाडीसाठी ती करायलाच हवी. त्या खुणेच्या व्हिडिओंना यूट्यूब शेवटचे चौकोन देतच नाही. म्हणून तुमच्या साच्यात शेवट पाच सेकंदांचाच ठेवा आणि पुढचा पाढा कोणता ते तोंडाने सांगा. रिकाम्या चौकटी दिसल्या की काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

---

उज्ज्वला_शिक्षिका

अरे देवा. दोन महिने मी स्वतःला दोष देत होते. आजच चौकटी काढून टाकते. धन्यवाद!

---

लष्करचे_अण्णा (ग्वाल्हेर)

मीनल, बाळ, तुझ्या बाबांचे भाग मी न चुकता बघतो. एक तक्रार आहे. पट्टीवर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मोडी शिकवणाऱ्या मराठी माणसाच्या नावाखाली पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श नकोत का? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून वळण जपलं आणि ते पडद्यावर जावं याचं वाईट वाटतं.

---

मीनल_रामबाग

अण्णा, बाबाही हेच म्हणतात. मी दोन-तीन फॉन्ट बदलून पाहिले, ल तसाच येतो.

---

सुहास_तुकोगंज

अण्णांचं म्हणणं बरोबर आहे आणि उपाय अर्धाच आहे. बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण हा मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगावं लागतं. केडेनलाइव्हच्या शीर्षक खिडकीत भाषा सांगायची सोय मला सापडलेली नाही. लिबरऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी केली की ल लगेच वळण बदलतो. तिथून पारदर्शक पीएनजी काढून पट्टीवर ठेवता येतं. पण मग नाव म्हणजे चित्र झालं, टाइप करून बदलता येत नाही. दर पाहुण्यामागे पाच मिनिटं जास्त.

---

लष्करचे_अण्णा

पाच मिनिटं द्यावीत असं माझं मत.

---

कोठी_रोड (बडोदा)

माझं मत उलटं. चित्र केलं की शेवटच्या क्षणी शुद्धलेखनाची चूक सापडली तर कुणी दुरुस्त करत नाही, ‘जाऊ दे’ म्हणतात. ल कुठल्याही वळणाचा चालेल, पण नाव अचूक हवं. नाहीतर असा फॉन्ट शोधा ज्यात मराठी ल हाच मूळ आहे. मग भाषा सांगायची गरज पडत नाही.

---

सुहास_तुकोगंज

आता पट्टी. माझी मापं देतो, १९२० बाय १०८० साठी.

पट्टी अगदी तळाशी नको. तिथे यूट्यूबची सरकणारी रेघ येते आणि कुणी उपशीर्षकं लावली तर ती खाली मध्यभागी बसतात. खालून किमान २०० पिक्सेल मोकळे सोडा. डावीकडून १२० सोडा. नाव ६० पिक्सेल, परिचय ४०. देवनागरीला वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवा. चाचणीला ‘जोशी’ लिहू नका, ते कुठेही बसतं. ‘टेंभुर्णीकर’ लिहा, त्यात अनुस्वार, उकार, रफार, वेलांटी सगळं आहे आणि लांबीही आहे. ते बसलं की इंदुरातलं कुठलंही आडनाव बसेल.

खरी अडचण लांबीची असते. नावामागे रंगीत चौकट ठेवली की ‘लेले’ला ती मोठी होते आणि ‘टेंभुर्णीकर’ बाहेर सांडतं. दा विंची रिझॉल्व्हमध्ये चौकटीची रुंदी नावाला बांधता येते, आयताच्या `Width` वर असं सूत्र टाकून:

```
(Text1.Output.DataWindow[3] - Text1.Output.DataWindow[1]) / Text1.Output.Width
```

यात थोडी जागा दोन्ही बाजूंना वाढवून घ्यावी लागते. पण रिझॉल्व्हला ग्राफिक कार्ड हवं, तुमच्या लॅपटॉपवर ते नको. केडेनलाइव्हमध्ये चौकट आपोआप वाढत नाही. म्हणून चौकटच नको.

---

मीनल_रामबाग

चौकट नाही तर अक्षरं दिसणार कशी? बाबांच्या मागे कपाट, कागद, पांढरी भिंत काहीही असतं.

---

अक्षरमोही (इंदूर)

मी यातली तांत्रिक माणूस नाही, अक्षरकाम करते. पण तुम्ही मोडी शिकवता ना? मोडीत कागदावर आधी आडवी रेघ पूर्ण ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला टांगतात. तीच तुमची पट्टी करा! पडद्याच्या डाव्या कडेपासून उजवीकडे जाणारी एक रेघ, शाईच्या रंगाची, आणि तिच्याखाली नाव. रेघ कायम तेवढीच. नाव दोन अक्षरी असो की सहा, रेघेला फरक पडत नाही.

आणि सुरुवातही तीच. बाबांच्या हाताचं वरून चित्रीकरण करा. बोरू शाईत बुडतो, रेघ ओढली जाते, तिच्याखाली मोडीत मालिकेचं नाव उमटतं. बोरूचा कुरकुर आवाजही घ्या.

---

मीनल_रामबाग

अक्षरमोही, हे वाचून अंगावर काटा आला. बाबांना आत्ता वाचून दाखवलं. ते बोरू तासायला बसलेत.

---

सुहास_तुकोगंज

हे माझ्या डोक्यात शंभर वर्षांत आलं नसतं. उत्तम. अक्षरं उठून दिसण्यासाठी रेघेखाली पूर्ण रुंदीचा, वरून गडद आणि खाली विरत जाणारा काळसर थर द्या, साधारण ६० टक्के गडद. पूर्ण रुंदीचा असल्याने त्यालाही लांबीशी देणंघेणं नाही. तो थर आणि रेघ मिळून एक पारदर्शक पीएनजी, आणि त्याच्यावर नावाची शीर्षक क्लिप. दोन्हींना आत येताना आणि जाताना ८-८ फ्रेमचा फेड. पट्टी ५ सेकंद ठेवा, आणि पाहुणे बोलायला लागल्यावर दोन सेकंदांनी आणा, आधी चेहरा पाहू द्या.

एक सापळा सांगतो, ज्याने मला एकदा घात केला. एकाच भागात दोन पाहुणे असतील आणि तुम्ही टाइमलाइनवर पहिली पट्टी कॉपी करून पुढे चिकटवली, तर ती वेगळी पट्टी नसते. दोन्ही तुकडे बिनमधल्या एकाच क्लिपकडे बघतात. दुसऱ्याचं नाव बदललं की पहिल्याचंही बदलतं आणि तुम्ही पुढे गेलेले असता, मागे वळून कोण बघतो? बिनमध्ये `Duplicate Clip` करा आणि मगच दुसरं नाव लिहा. साच्यातच तीन पट्ट्या वेगवेगळ्या करून ठेवल्या तर हा प्रश्नच येत नाही. न लागणारी पुसून टाका.

---

मीनल_रामबाग

सुहासदादा, मागच्या शनिवारी अगदी हेच झालं असणार! मी परिचय बदलल्याचं मला पक्कं आठवत होतं. नंतर दुसऱ्या ठिकाणी आधीच्या पाहुण्यांचा उल्लेख होता, तिथे मी त्यांचा परिचय नीट केला, आणि त्याबरोबर पहिल्या ठिकाणचाही आपोआप बदलला. आठवडाभर मला वाटत होतं की मी विसरले.

---

पोहेजिलेबी (इंदूर)

भिया, एवढं सगळं कशाला? केडेनलाइव्हमध्ये `Library` आहे. पट्टी तयार करून तिथे टाका, कुठल्याही प्रोजेक्टमध्ये ओढून घ्या. मी तसंच करतो.

---

सुहास_तुकोगंज

लायब्ररी चांगली आहे, पण ती पट्टी ओढल्यावर एक गाठोडं बनून येते. `Expand Clip` केल्याशिवाय आतलं नाव बदलता येत नाही. सुरुवातीसारख्या न बदलणाऱ्या गोष्टीला लायब्ररी उत्तम. नावाला रिकामा प्रोजेक्टच बरा.

---

पोहेजिलेबी

मी नाव बदलत नाही, माझंच असतं दर वेळी. म्हणून मला कळलं नसेल.

---

कोठी_रोड

सुरुवातीच्या संगीताबद्दल माझा अनुभव लिहितो. मी विज्ञानाचे प्रयोग दाखवायचो. एका गाजलेल्या गाण्याच्या सुरावटीचा सहा सेकंदांचा तुकडा सुरुवातीला लावला होता. ‘सहाच सेकंद, कोण बघतो’ असं एका परिचिताने सांगितलं. यूट्यूबची यंत्रणा सेकंद मोजून सोडून देत नाही. दावा आला तो एका व्हिडिओवर नाही, एकामागून एक सगळ्या ३१ व्हिडिओंवर, कारण साचा सगळ्यांत तोच. साच्यातली चूक अशी गुणाकाराने वाढते. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या, आणि तिथेही काही तुकड्यांना वर्णनात श्रेय द्यावं लागतं ते बघून घ्या.

बोरूचा आवाज घ्यायची कल्पना त्यामुळे मला फारच आवडली. त्यावर कुणाचा दावा येणार?

---

सुहास_तुकोगंज

कोठी_रोड यांचं लाखमोलाचं. आवाजाची पातळीही साच्यातच पक्की करा. सुरुवात बोलण्यापेक्षा मोठी असली की लोक आवाज कमी करतात आणि मग बाबांचं बोलणं ऐकू येत नाही. सुरुवातीचा आवाज बाबांच्या बोलण्यापेक्षा ३-४ डेसिबल खालीच ठेवा. यूट्यूब फार मोठा आवाज कमी करतं, पण बारीक आवाज वाढवून देईल याचा भरवसा नाही.

आणि सुरुवात चार सेकंदांच्या वर नको. तीही अगदी पहिली नको. आधी बाबांनी पंधरा सेकंदांत कागद दाखवावा, ‘या ओळीत एक शब्द आहे जो तुम्ही चुकीचा वाचणार’ असं काहीतरी म्हणावं, मग रेघ ओढली जावी.

आता शेवट. यूट्यूबचे चौकोन शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच ठेवता येतात, एका वेळी जास्तीत जास्त चार. तुम्ही दोनच घ्या, पुढचा भाग आणि सबस्क्राइब. त्यांची जागा उजव्या अर्ध्यात राखून ठेवा. चौकटी पक्क्या रेघांनी काढू नका, यूट्यूबचे चौकोन हाताने सरकवावे लागतात आणि दोन-चार पिक्सेल हलले तरी रेघेतून बाहेर डोकावतात. नुसता गडद मोकळा भाग पुरे. एकदा चौकोन बसवले की पुढच्या वेळी स्टुडिओत मागच्या व्हिडिओवरून ते आयात करता येतात, जागा तशीच येते. फक्त ‘पुढचा भाग’ कोणता ते तपासा, कारण तोही मागच्या आठवड्याचाच येतो.

---

अक्षरमोही

डाव्या अर्ध्यात गृहपाठ द्या! पुढच्या आठवड्याच्या कागदातली एक ओळ, फोटो काढून. बाबा वीस सेकंदांत सांगतील की ही वाचून या. मग लोक शेवटी थांबतील.

---

लष्करचे_अण्णा

मी नक्की थांबेन. आणि वही काढून बसेन.

---

मीनल_रामबाग

मंडळी, आठ दिवसांनी परत आले. केलेलं सगळं सांगते.

रविवारी सकाळी गच्चीत चित्रीकरण केलं. बाबांनी अकरा वेळा रेघ ओढली. सात वेळा हात बरोबर होता पण माझ्या मोबाइलची सावली कागदावर पडली. शेवटी मोबाइल दोन खुर्च्यांमधल्या पट्टीवर ठेवला आणि सावली मागे जाईल असा कागद फिरवला. अकराव्या वेळी रेघ ओढताना बोरू शेवटी किंचित उचलला गेला आणि रेघ टोकाशी बारीक झाली. बाबा म्हणाले परत करतो, मी म्हटलं हीच हवी.

एक अडचण आली. मोबाइल ३० फ्रेमला चित्रीकरण करत होता आणि माझा प्रोजेक्ट २५ चा. रेघ सरकताना मधेच अडखळल्यासारखी दिसायची. आधी वाटलं लॅपटॉप मंद आहे, पण रेंडर केलेल्या फाइलमध्येही तसंच दिसलं. शेवटी साच्याचा प्रोजेक्टच ३० फ्रेमचा केला, कारण सगळं चित्रीकरण मोबाइलवरच होतं.

पट्टी रेघेची केली. ‘टेंभुर्णीकर’ बसलं. बाबांचा एक जुना विद्यार्थी आहे, त्याचं पूर्ण नाव आणि पद मिळून ओळ फारच लांब होते, तिथे पद दुसऱ्या ओळीत ढकललं. कालचा भाग २४ वा. साचा उघडल्यापासून शेवट लावेपर्यंत २५ मिनिटं लागली. रेंडर करण्याआधी एका ठिकाणी पिवळं ‘परिचय बदला’ दिसलं आणि छाती धडधडली, पण दिसलं म्हणून बदललं.

ल चं अजून ठरलेलं नाही. बाबा अण्णांच्या बाजूचे, मी कोठी_रोड यांच्या.

---

सयाजीगंजवाला

भाग बघितला ताई. रेघ येते तेव्हा माझ्या आईने ‘अरे, बोरू!’ म्हणून चष्मा काढला. मी पहिल्यांदा तयार साचा घ्या म्हणालो होतो, ते मागे घेतो.

---

अक्षरमोही

टोकाशी बारीक झालेली रेघ फार सुंदर आहे. पट्टीच्या पीएनजीतही तीच रेघ वापरलीत का, की सरळ काढलीत?

---

मीनल_रामबाग

सरळ काढली होती. तुमचं वाचून आज चित्रीकरणातलीच रेघ कापून पीएनजी केली. पुढच्या शनिवारी दिसेल.

---

लष्करचे_अण्णा

गृहपाठाची ओळ वाचली. तिसरा शब्द ‘वसूल’ आहे की ‘वसुली’ ते ठरत नाही. रेघेच्या वर काहीतरी आहे, वेलांटी आहे की शाईचा डाग?

---

मीनल_रामबाग

अण्णा, बाबा म्हणतात ते शनिवारी सांगतील.